आमची वाटचाल : कॅटलॉग नव्याने मांडला आणि दुकान टिकलं

ठाण्यात नौपाड्यातलं आमचं हातमाग साड्यांचं दुकान आज ऑनलाइन चालतं ते कॅटलॉगच्या जोरावर, आणि हे मी अभिमानाने सांगते. पण त्याआधी ज्या कंपनीने आमची वेबसाइट बांधली, तिने साड्या तयार कपड्यांच्या साच्यात कोंबल्या आणि दुकान बुडायच्या बेताला आणलं. तो राग अजून गेलेला नाही.

त्यांनी विभाग पाडले ते असे : कॉटन, सिल्क, लग्नाच्या, ऑफिसच्या, सणाच्या. आता सांगा, इरकल कुठे घालायची? अंगाचा ताणाबाणा सुती, काठ-पदर रेशमी, आणि हल्ली तर बऱ्याचदा आर्ट सिल्कचे. त्यांच्या माणसाने ती ‘सिल्क’मध्ये टाकली. गिऱ्हाईक ‘सिल्क’ बघून मागवणार, घडी उलगडल्यावर अंग सुती निघणार, साडी परत! गढवालचंही तेच झालं : अंग सुती, काठ-पदर रेशमी. जाण्यायेण्याचं कुरिअर आमच्या माथी, आणि घडी मोडलेली साडी नवी म्हणून विकायची आम्हाला लाज वाटते. त्या दिवाळीत विणकरांना नवीन माल सांगायला हातात पैसा नव्हता. कंपनीला कळवलं, तर ‘सगळे असंच करतात’ हे उत्तर.

वाट दाखवली ती चरईतल्या एका निवृत्त शिक्षिकेने. आम्ही त्यांना बाईच म्हणतो. दुकान एका खोलीत होतं तेव्हापासूनच्या त्या गिऱ्हाईक. त्या कधी ‘सणाची साडी दाखवा’ म्हणत नाहीत. आधी म्हणतात, ‘इरकल काढा,’ आणि मग, ‘पदर खरा रेशमी ना गं?’ वहिनी आणि मी एका रात्री हे वहीत मांडलं. जे आधी विचारतात तो विभाग, जे मागून विचारतात तो फिल्टर.

मग विभाग उरले ते साडीच्या नावाचे : इरकल, पैठणी, गढवाल, माहेश्वरी, चंदेरी, नारायणपेठ. एक साडी एकाच विभागात. लग्न, ऑफिस, सण हे विभागातून काढून टाकले, कारण तीच गढवाल कुणी लग्नाला नेसतं, कुणी ऑफिसला.

धाग्यासाठी एक्सेलमध्ये चार रकाने केले : अंगाचा ताणा, अंगाचा बाणा, काठ, पदर. परवाच आलेली एक इरकल घ्या : सुती, सुती, आर्ट सिल्क, आर्ट सिल्क. गिऱ्हाइकाला हे चार रकाने दाखवायचे नाहीत. त्यांतून एकच ओळ तयार होते, ‘अंग सुती, काठ-पदर आर्ट सिल्क’, आणि फिल्टरमध्ये तीच दिसते. चंदेरीचा ताणा रेशमी आणि बाणा सुती असेल तर ‘रेशीम-सुती मिश्र’. ‘शुद्ध रेशीम’ ही ओळ चारही रकान्यांत रेशीम असेल तरच. एवढ्या एका बदलाने परत येणाऱ्या साड्या झपाट्याने कमी झाल्या.

रंगाचं दुखणं वेगळं होतं. धूपछाँव साडीत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. हिरवी म्हणावी की जांभळी? आम्ही तिला दोन्ही रंग लावतो, म्हणजे कुठलाही निवडला तरी ती सापडते. काठाचा रंग मात्र वेगळ्या रकान्यात, नाहीतर ‘लाल’ निवडल्यावर लाल काठाच्या काळ्या साड्याच समोर येतात. आमसुली, मोरपंखी, चिंतामणी ही नावं साडीच्या वर्णनात ठेवा, म्हणजे शोधल्यावर सापडतात; फिल्टरमध्ये लाल-हिरवा-निळा असे मोजकेच रंग पुरेत. शोधाच्या पेटीला हेही शिकवा की ‘इरकल’, ‘इलकल’ आणि `ilkal` एकच.

नवीन दुकान काढणाऱ्यांना आणखी एक सांगते. रेडिमेडच्या साच्यात एका वस्तूखाली पाच रंग टाकतात. हातमागात ते करू नका. प्रत्येक साडीला स्वतःचा नंबर द्या, स्वतःचा फोटो द्या; ती विकली गेली तर पान पुसू नका, ‘विकली गेली’ लिहून त्याच जातीच्या शिल्लक साड्या खाली दाखवा. जुनी लिंक घेऊन येणारं गिऱ्हाईक रिकाम्या पानावरून परत जात नाही. आणि ज्या फिल्टरमध्ये एकदोनच साड्या निघतात तो दाखवूच नका.

आमच्याच रस्त्यावरच्या एका दुकानाने आमची विभागांची यादी जशीच्या तशी उचलली आणि ‘हातमाग’ नावाचा फिल्टर वर चिकटवला, आत मात्र यंत्रमागाचा माल. आमच्याकडे तो फिल्टर नाही, कारण जे सगळ्याच साड्यांना लागू आहे त्याने काहीच गाळलं जात नाही. त्याऐवजी प्रत्येक इरकलीला पदराच्या जोडाचा जवळून घेतलेला फोटो आम्ही सक्तीचा केला आहे. अंगाच्या आणि पदराच्या ताण्याचे धागे हाताने एकमेकांत अडकवलेले तिथे दिसतात. पैठणीला पदराच्या उलट्या बाजूचा फोटो लागतो : हातविणीचा मोर मागूनही तसाच स्वच्छ दिसतो, यंत्राच्या मोरामागे सुटे धागे लोंबतात. लागणारा फोटो नसेल तर ती साडी साइटवर चढतच नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.