दळण कुठे दळता?

सांगली जिल्ह्यातल्या एका गावातली एकोणीस वर्षांची वेटलिफ्टर गेल्या वर्षी आहाराच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात रक्ततपासण्यांची जाड फाइल होती. हिमोग्लोबिन ८.६ होते आणि वर्षभर लोहाच्या गोळ्या घेऊनही ते हलत नव्हते. मुलगी आहे, पाळी येते, म्हणून रक्त कमी, या निदानावर तीन डॉक्टरांनी समाधान मानले होते. चौथ्यांनी टीटीजी ही रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी आणि मग एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासायला पाठवला, तेव्हा सीलिॲक आजार निघाला. या आजारात गहू, जव आणि राय यांतल्या ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्याच अस्तरावर उलटते. लोह मुख्यतः जिथे शोषले जाते तो आतड्याचा सुरुवातीचा भागच त्यात सर्वाधिक झिजतो, त्यामुळे गोळ्या कितीही घेतल्या तरी त्या अंगी लागत नाहीत.

गहू बंद करणे सोपे असते, कारण तो दिसतो. पोळी, पाव, रवा, शेवया आणि दलिया पहिल्याच दिवशी गेले. त्यानंतर मी घरातली सगळी पाकिटे मागवून घेतली, आणि या कामाचा मला थोडा गर्वच आहे. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरांत मैदा सापडला, कारण बाजारातला बांधणीचा हिंग पिठात कालवलेलाच असतो. सांबार मसाल्यात तोच हिंग 'संयुक्त हिंग' या नावाने आत शिरला होता. कॉर्नफ्लेक्समध्ये जवाचा माल्ट होता, सोया सॉसमध्ये गहू होता आणि थालीपिठाच्या तयार भाजणीतही गहू होता. तिचे प्रशिक्षक ताकदीसाठी जे माल्टचे पेय सगळ्या मुलींना देत, ते तर सरळ जवाचेच होते. 'सगळ्या मुली पितात, हिलाच काय होतंय,' हे त्यांचे उत्तर मी अजून विसरलेले नाही. उलट दुकानदाराने 'माल्ट आहे' असे सांगून तिच्या हातून काढून घेतलेली मॅल्टोडेक्स्ट्रिनची पूड मी तिला परत द्यायला लावली. नावात साम्य असले तरी ती बहुधा मक्यापासून बनते, आणि गव्हापासून बनवली तरी प्रक्रियेत तिच्यात ग्लूटेन जवळजवळ उरत नाही.

राहिला भाकरीचा प्रश्न. तिचे वजन ६४ किलो होते आणि सरावाच्या दिवसांत किलोमागे ५ ग्रॅम, म्हणजे रोज सुमारे ३२० ग्रॅम कर्बोदके हवी होती. ७५ ग्रॅम पिठाची एक, अशा शाळूच्या चार भाकऱ्यांतून त्यांतली २०० ग्रॅम सहज मिळत, पण त्याबरोबर सुमारे ३० ग्रॅम चोथाही पोटात जाई, आणि अशा भरल्या पोटी बारखाली बसणे तिला जमेना. त्यामुळे सरावाआधीची भाकरी काढून तिथे पोहे, उकडलेला बटाटा किंवा केळे आणि गूळ आणला, सरावानंतर भात ठेवला, आणि शाळूच्या चारही भाकऱ्या दुपार-रात्रीच्या जेवणांत वाटल्या. आतड्याच्या अस्तराबरोबर दुधातली साखर पचवणारे विकरही घटलेले असते, म्हणून सुरुवातीला दुधाऐवजी दही, आणि प्रथिनांसाठी अंडी, डाळ व ती साखर जवळजवळ नसलेली व्हे आयसोलेट ही दुधाच्या प्रथिनांची पूड दिली.

सात महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.१ झाले होते. टीटीजीची मर्यादा १० असताना ती सुरुवातीला १०० च्या पुढे होती आणि अजूनही ६४ वर अडकली होती. ही पातळी हळूहळू उतरते हे खरे, पण दोन तपासण्यांत ती जागची हललेली नव्हती. तिला समोर बसवून मी विचारले, "बाहेर काही खातेस का? वडापाव, केक, मैत्रिणींबरोबर काही?" ती "नाही मॅडम" म्हणाली. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. तिसऱ्यांदा विचारला तेव्हा ती काही बोललीच नाही.

त्या पुढच्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले. खरे तर मी बिस्किटांची रिकामी पाकिटे शोधायला गेले होते, हे कबूल केलेले बरे. तिची आई घरी नव्हती. अर्ध्या तासाने ती डोक्यावर डबा घेऊन आली आणि म्हणाली, "दळणाला रांग होती वो ताई." सात महिन्यांत मी या घराला शेकडो प्रश्न विचारले होते, पण दळण कुठे होते हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता.

गिरणीत दोन चक्क्या होत्या, एक गव्हाची आणि एक ज्वारीची, त्यामुळे आईला शंकाच आली नव्हती. आम्ही तिथे जाऊन उभ्या राहिलो. गव्हाची रांग लांबली तसे गिरणीवाल्या मामांनी दोन डबे सरळ ज्वारीच्या चक्कीत ओतले. नंतर शाळूचा डबा आला तेव्हा त्यांनी पीठ पडते त्या तोंडाला बांधलेल्या कापडी बाहीवर दोन थापा मारल्या आणि पिवळसर पिठाचा एक लोंढा खालच्या डब्यात पडला. त्यावर मग शाळूचे पांढरे पीठ पडू लागले. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "आधीच्याचं थोडं ऱ्हातंयच की वो म्याडम. कुणाचं काय बिघडतंय?"

मी तिथेच कट्ट्यावर बसून हिशेब केला. समजा, बाहीत आणि जात्यात मिळून गव्हाचे फक्त १० ग्रॅम पीठ, म्हणजे एक भरलेला चमचा, राहिले. त्यात साधारण ८०० मिलिग्रॅम ग्लूटेन असते. ते ५ किलो शाळूत मिसळले की किलोमागे १६० मिलिग्रॅम होते, आणि आपल्या अन्नसुरक्षा नियमांत 'ग्लूटेनमुक्त' म्हणण्याची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. पण मला खरे टोचले ते पुढचे गणित. घरातली आजी एकच भाकरी खाते, तिच्या पोटात यातले १२ मिलिग्रॅम गेले असते. ही मुलगी ३०० ग्रॅम पीठ खात होती, म्हणजे रोज ४८ मिलिग्रॅम, आणि दिवसाला ५० मिलिग्रॅमच्या आसपास आतड्याला इजा होते असे अभ्यासांत दिसले आहे. नियम किलोवर लिहिलेला आहे, पण आतडे मिलिग्रॅम मोजते, आणि ताकदीसाठी मी वाढवून दिलेली प्रत्येक भाकरी तो डोसही वाढवत होती. चिमूटभर हिंग पकडल्याचा आनंद करून मी थांबले होते, आणि मोठा वाटा मीच लिहून दिलेल्या तक्त्यातून जात होता.

त्यांनी कर्ज काढून नवी घरघंटी घेतली. जुनी स्वस्तात मिळत होती, पण तिच्यात आधी गहू दळलेला असणारच, म्हणून मीच नको म्हटले. शाळू निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळला जाऊ लागला, आणि काठवट, पिठाचा डबा व चाळण तिची वेगळी झाली. पाच महिन्यांनी टीटीजी १४ वर आली आणि हिमोग्लोबिन १२.२ झाले. मी तिची माफी मागितली तेव्हा ती "असू दे मॅडम" म्हणाली आणि लगेच वजनाकडे वळली.

पुढच्या महिन्यात तिचे तीन आठवड्यांचे निवड शिबिर आहे. ती सात किलो पीठ सोबत नेणार आहे आणि मेसच्या आचाऱ्याने वेगळा तवा द्यायचे कबूल केले आहे. भाकरी थापायची परात आणि थापताना लावायचे कोरडे पीठ कुठले असेल, हे मी फोनवर दोनदा विचारले, तेव्हा "बघू की मॅडम" एवढेच उत्तर आले. परातही घरूनच न्यायला सांगितले आहे.