स्टिक ड्रिफ्टनंतर नवा कंट्रोलर निवडताना

डाव्या स्टिकला हात न लावता खेळातलं पात्र डावीकडे सरकू लागलं, तेव्हा मी आधी आकडे बघायचं ठरवलं. विंडोजमध्ये `joy.cpl` चालवून यादीतला कंट्रोलर निवडला आणि ‘प्रॉपर्टीज’ दाबलं की त्याची चाचणी-खिडकी उघडते. ब्राउझरमधल्या गेमपॅड टेस्टरवर तर प्रत्येक अक्षाचा आकडा -1 ते 1 असा दिसतो. स्टिक सोडल्यावर तो शून्याच्या अगदी जवळ हवा. 0.02, 0.03 एवढा फरक खेळ स्वतःच डेडझोनमध्ये, म्हणजे केंद्राजवळच्या दुर्लक्षित पट्ट्यात, गिळून टाकतो. माझ्याकडे तो -0.15 च्या आसपास होता.

बिघाड कुठला आहे, हे त्याच टेस्टरवर कळतं. स्टिक वेगवेगळ्या दिशांनी ढकलून सोडायची. दर वेळी ती एकाच चुकीच्या आकड्यावर येत असेल, तर केंद्र हललंय आणि कॅलिब्रेशनने बरं होण्याची आशा आहे. दर वेळी वेगळ्या आकड्यावर थांबत असेल, तर स्प्रिंग सैल पडलीय. आणि अगदी हळू फिरवताना आकडा मध्येच उडी मारत असेल, तर आतली पट्टी झिजलीय. माझा आकडा उड्या मारत होता.

हा कंट्रोलर कन्सोल बनवणाऱ्या कंपनीचाच होता. पण एक्सबॉक्स, प्लेस्टेशन आणि स्विच या तिन्हींच्या नेहमीच्या कंट्रोलरमध्ये स्टिकखाली पोटेन्शिओमीटरच असतो. कार्बनच्या पट्टीवरून धातूची बारीक पाती घासत जाते आणि ती कुठे टेकलीय त्यावरून व्होल्टेज ठरतं. स्टिक सर्वांत जास्त वेळ मधोमध आणि तिच्या आजूबाजूलाच हलते, म्हणून झीजही तिथेच आधी होते. डेडझोन 0.20 केला की पात्र सरकायचं थांबतं, पण स्टिकची पहिली एक-पंचमांश हालचाल मरते. नेम धरून खेळायच्या खेळात नेमकी तीच लागते.

हॉल इफेक्ट स्टिकमध्ये ही घासाघासच नाही. दांडीबरोबर छोटा चुंबक हलतो आणि समोरचा सेन्सर चुंबकीय क्षेत्रातला बदल मोजतो. ही कल्पना जुनी आहे, सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्येही हेच सेन्सर होते. मात्र ‘हॉल म्हणजे ड्रिफ्ट कधीच नाही’ हा दावा मला पटत नाही. स्टिक मध्यावर आणणारी स्प्रिंग इथेही तीच, ती सैल पडू शकते. कारखान्यातलं कॅलिब्रेशन बिघडलेलं असू शकतं. बटणं तर हॉलमुळे जराही जास्त टिकत नाहीत. आता टीएमआर सेन्सरही आलेत. तेही चुंबकावरच चालतात, पण वीज कमी खातात, म्हणून बिनतारी कंट्रोलरसाठी जास्त सोयीचे.

मग सुसंगततेचा प्रश्न आला, आणि माझी निवड खरं तर त्यावरच ठरली. मी बहुतेक वेळ लॅपटॉपवर खेळतो, पण सुट्टीत भावाच्या एक्सबॉक्सवरही. संगणकाला जवळजवळ कुठलाही कंट्रोलर चालतो: बहुतेक खेळ एक्सइनपुट ही मायक्रोसॉफ्टची कंट्रोलर-पद्धत मागतात, आणि कंट्रोलर दुसऱ्या प्रकारचा असला तरी स्टीम हे खेळांचं ॲप तो सांभाळून घेतं. स्विचही बराच मोकळा आहे, फक्त त्याचे ट्रिगर दाबलं-नाही-दाबलं एवढंच ओळखतात, म्हणून गाड्यांच्या खेळात अर्धा ॲक्सिलरेटर मिळत नाही. एक्सबॉक्स मात्र परवाना असलेलाच कंट्रोलर स्वीकारतो. 2023 च्या नोव्हेंबरपासून तर बिनपरवाना उपकरणांवर `0x82d60002` हा एरर देऊन ती बंद पाडली जाऊ लागली. प्लेस्टेशन 5 वरही तसंच कडक धोरण आहे: तिथे पीएस4 चा जुना कंट्रोलर ड्युअलशॉक 4 जोडला जातो, पण त्यावर फक्त पीएस4 चे खेळ चालतात.

म्हणून ‘पीसी आणि स्विचसाठी’ असं लिहिलेले स्वस्त, बिनतारी हॉल कंट्रोलर मी बाजूला ठेवले आणि गेमसरचा जी7 एसई घेतला. तो एक्सबॉक्सचा परवाना असलेला आहे आणि स्टिक व ट्रिगर दोन्ही हॉलचे आहेत. किंमत मोजावी लागते ती केबलच्या रूपात, कारण तो बिनतारी नाहीच. दिवाणखान्यात लांब बसून खेळणाऱ्याला मी तो सुचवणार नाही. भावाकडे प्लेस्टेशन 5 असतं तर मी सरळ त्याचाच ड्युअलसेन्स कंट्रोलर घेतला असता, कारण ट्रिगरचा बदलता विरोध आणि त्यातलं बारीक कंपन बाहेरच्या कंट्रोलरमध्ये सहसा मिळत नाही.

आल्याबरोबर तीच चाचणी केली. सोडल्यावर आकडा शून्याला चिकटून राहिला आणि हळू फिरवताना कुठे उडी दिसली नाही, तेव्हाच मी डेडझोन अगदी कमी केला. जुना कंट्रोलर दुरुस्त होतो का, हेही विचारलं. एक स्टिक बोर्डाला चौदा ठिकाणी सोल्डर केलेली असते. जुनं सोल्डर नीट ओढून न काढता ती उपटली तर बोर्डावरचे तांब्याचे ठिपके उखडतात. हॉलचा सुटा भाग बसवला तरी त्यानंतर केंद्राचं कॅलिब्रेशन करावंच लागतं. ते करून देतो असं आधी कबूल करणारा दुरुस्तीवाला मिळाला, तरच मी जुना कंट्रोलर दुरुस्तीला देईन.