३३ अधिक २० म्हणजे ५३ नव्हे: एका शेऱ्यापायी गेलेले सहा आठवडे

हायड्रॉलिक सिलिंडरच्या झाकणाचं ड्रॉइंग मंजूर व्हायला सात आठवडे लागले. त्यातले सहा एकाच शेऱ्याने खाल्ले आणि त्याचा राग अजून माझ्या मनात आहे.

बोअर ८० मिमी, दाब २४० बार, झाकणाला ८.८ ग्रेडचे सहा एम१२ बोल्ट. म्हणजे दर बोल्टमागे सुमारे २० किलोन्यूटन ओढ. बोल्ट आवळून त्यात ३३ किलोन्यूटन प्रीलोड, म्हणजे तेलाचा दाब येण्याआधीचीच ओढ, भरायचा, असं मी लिहिलं होतं. ग्राहकाच्या तपासनिसांनी लाल शाईत लिहिलं: ‘३३ + २० = ५३. बोल्टचा प्रूफ लोड ४९. नापास.’ प्रूफ लोड म्हणजे कायमचा न लांबता बोल्ट जेवढी ओढ सोसतो ती.

ही बेरीज होतच नाही. आवळलेला बोल्ट ताणलेला असतो आणि झाकण व फ्लँज दाबलेले असतात. तेलाने झाकण ओढलं की बोल्ट जेवढा आणखी लांबतो, तेवढेच दाबलेले भाग फुगतात. हालचाल दोघांची सारखीच, म्हणून जो जास्त ताठ तो ओढीचा मोठा वाटा घेतो. आमच्या सांध्यात दाबलेले भाग बोल्टच्या चौपट ताठ होते. म्हणून २० पैकी बोल्टवर फक्त ४ वाढतात, आणि बाकीच्या १६ मुळे झाकणाची पकड ३३ वरून १७ वर येते. बोल्ट ३७ वर, ४९ च्या बराच आत.

‘मग प्रीलोड २० करा, बेरीज ४० होईल,’ असं उत्तर आलं. इथे मी हटून बसलो. टॉर्क पान्याने आवळताना प्रीलोड ३० टक्के इकडेतिकडे होतो. २० चे १४ झाले, तर ओढीचे चार पंचमांश पकड सोडवत असल्याने १७.५ किलोन्यूटन ओढीलाच झाकण उचलतं. मग सगळी ओढ एकट्या बोल्टवर येते, तेल गळतं, आणि दाबाच्या प्रत्येक ठोक्याला बोल्टवर ४ ऐवजी ६ चा फेरा बसून तो थकून तुटायचा धोका वाढतो. ३३ चे २३ झाले तरी सांधा २९ पर्यंत मिटलेला राहतो. वर ४३ झाले, तरी ४ धरून ४७.

कागदावर कोणी ऐकेना. शेवटी एका बोल्टला त्याची ओढ मोजणारा स्ट्रेन गेज चिकटवून, तो ३३ पर्यंत आवळून, त्यांच्यासमोर पूर्ण दाब चढवला. आकडा चारच्या आसपासच वाढला. त्याच दुपारी सही मिळाली. खरं सांगतो, घरी जाताना छाती फुगली होती. ही चाचणी पहिल्याच आठवड्यात मागून घ्या.

एक राहिलं: आमचं सील खाचेतली ओ-रिंग होती, धातूला धातू टेकलेला. मधे जाड मऊ गॅस्केट असती, तर दाबलेला भाग लवचिक होऊन बोल्टचा वाटा खूप वाढला असता, आणि तपासनिसांची बेरीज बरीच खरी ठरली असती. आणि आमचा ८० न्यूटन-मीटर टॉर्क कोरड्या आट्यांसाठी होता. आट्यांना तेल लावाल, तर तो कमी करा.