एका ओळीत न मावलेला माणूस

सोमवारी संध्याकाळी दुसऱ्या पाळीत आमच्या गोदामातल्या रॅकचा एक भाग कोसळला. फोर्कलिफ्ट मागची चाकं वळवून फिरते, त्यामुळे वळताना तिची शेपूट बाहेर फेकली जाते. तीच शेपूट रॅकच्या खांबाला खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर बसली. खांब दुमडला, आडव्या बीम खाचांतून सुटल्या आणि बारा पॅलेट खाली आले. एका पॅलेटवर 25 किलोच्या 40 बॅगा, म्हणजे एकूण बारा टन माल. ऑपरेटरच्या डोक्यावर लोखंडी गार्ड होता म्हणून तो वाचला.

मी त्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. गुरुवारी संध्याकाळपर्यंत अहवाल मुख्य कार्यालयात जायचा होता. बुधवारी रात्री माझी चौदा पानं लिहून झाली होती आणि ती चांगली उतरली आहेत असं मला मनापासून वाटत होतं. घटनाक्रम, साक्षी, फोटो, सगळं होतं. गुरुवारी सकाळी शांतपणे वाचायला बसले, तर दुसऱ्या पानावर ‘एकूण तीन जण जखमी’ आणि नवव्या पानावर ‘चौघांवर उपचार करण्यात आले’. दोन्ही वाक्यं मीच लिहिली होती.

टायपिंगची चूक असेल म्हणून तीनचे चार करणं सोपं होतं. पण कोणता आकडा खरा, हे मला चौदा पानांतून शोधून सांगता येईना. एक माणूस दुसऱ्या पानावर पडत होता, पाचव्यावर दवाखान्यात जात होता, अकराव्यावर घरी. मग मी कोरा कागद आडवा धरला आणि रकाने आखले: कोण, कुणाचा कामगार, कुठे लागलं, उपचार कुठे आणि किती वाजता, कामावर परत कधी. एका माणसाला एकच ओळ.

ऑपरेटरची ओळ भरली: खांद्याला मार, डॉक्टरांनी आठवडाभर विश्रांती सांगितलेली. पॅकिंगमधल्या ताईंची भरली: डोळ्यात पावडर, आयवॉशवर डोळे धुतले, मंगळवारी कामावर हजर. तिसरा कंत्राटदाराचा लोडर. त्याच्या ओळीत ‘घोटा मोडला’ लिहिलं, आणि पाचव्या पानावरून ‘भुवईवर तीन टाके’ हेही लिहिलं. उपचाराच्या रकान्यात आले तेव्हा हात थांबला. गेटच्या रजिस्टरप्रमाणे तो सहाला पाच कमी असताना ॲम्ब्युलन्सनं मोठ्या हॉस्पिटलात गेला होता. प्रथमोपचार केंद्राच्या वहीप्रमाणे सहा वाजून दहा मिनिटांनी त्याच नावाच्या माणसाची जखम तिथेच पुसली जात होती.

मी कंत्राटदाराच्या मुकादमांना फोन लावला.

“मॅडम, ते दोघं वेगळे,” ते म्हणाले. “नाव एकच. घोटेवाला उंच, तो ॲडमिट आहे. टाकेवाला बुटका. त्याला जीपनं नर्सिंग होमला नेला, तिथं टाके घातले, तिथनंच घरी सोडला.”

“आणि कामावर कधी आला?”

“अजून कुठं आलाय. चक्कर येतीय म्हणतोय.”

माझ्या पोटात गोळा आला. तेव्हा लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 88 प्रमाणे अपघातानंतर लागून 48 तास किंवा त्याहून जास्त वेळ कामगार कामावर येऊ शकला नाही, तर कारखान्याला त्याची नोटीस द्यावी लागायची. कंत्राटदारामार्फत आलेला माणूसही त्या कायद्यात कामगारच. आम्ही मंगळवारी दोघांच्या नोटिसा दिल्या होत्या, ऑपरेटरची आणि घोटा मोडलेल्याची. या माणसाचे 48 तास बुधवारी संध्याकाळीच भरले होते आणि आमच्या कागदांवर तो अस्तित्वातच नव्हता. ओघवत्या मजकुरात एका नावाची दोन माणसं सहज एक होतात. वाचणाऱ्याला खटकत नाही, लिहिणाऱ्यालाही नाही. ओळीत मात्र एकच माणूस पंधरा मिनिटांच्या अंतरानं दोन ठिकाणी मावत नाही.

दुपारी अहवालात हा तक्ता दुसऱ्या पानावर गेला:

| क्र. | कुणाचा | इजा | उपचार | परत कामावर |
|---|---|---|---|---|
| 1 | कंपनी | खांदा | हॉस्पिटल | नाही, विश्रांती |
| 2 | कंत्राटी | घोटा, हाड मोडले | हॉस्पिटल, दाखल | नाही |
| 3 | कंत्राटी | भुवई, 3 टाके | नर्सिंग होम | नाही, चक्कर |
| 4 | कंपनी | डोळे | आयवॉश | मंगळवार |

नावं मी यात घातली नाहीत. नाव, वय आणि डॉक्टरांचे कागद वेगळ्या पाकिटात, याच क्रमांकांनी. हा अहवाल पंधरा जणांच्या हातात जाणार होता, आणि कुणाच्या दुखण्याची माहिती पंधरा जणांना असायचं कारण नाही. एक नियम मी तेव्हापासून पाळते: रकाना रिकामा सोडायचा नाही. ‘नाही’ वेगळं, ‘अजून कळले नाही’ वेगळं. रिकाम्या चौकटीचा अर्थ जो तो आपल्या सोयीचा लावतो.

नुकसानीच्या तक्त्यानं फार वेळ घेतला नाही. मजकुरात ‘अंदाजे 500 बॅगा खराब’ होत्या. मोजल्यावर 480 पडलेल्या, त्यातल्या 212 फुटलेल्या, 268 वरून धड पण तपासणीपर्यंत थांबवलेल्या. यात मी ‘सध्या कुठे आहे’ हा रकाना ठेवला होता, म्हणून कळलं की दुमडलेला खांब स्क्रॅपच्या ढिगात पोचलाय. धावत जाऊन तो परत आणवला. त्याच्यावर दोन ओरखडे होते. एकात लोखंड चकचकीत, दुसऱ्यात गंजलेलं. म्हणजे त्या खांबाला आधीही कधीतरी धडक बसली होती आणि कुणी नोंद केली नव्हती. खांब वितळायला गेला असता तर हे कधीच समजलं नसतं.

उपाययोजना लिहिताना मला आपल्या कार्यालयीन मराठीचा राग आला. ‘सर्व रॅकची तपासणी करण्यात यावी.’ ‘खांबांना संरक्षक बसवण्यात यावेत.’ किती नेटकी वाक्यं, आणि एकातही माणूस नाही. ‘जबाबदार’ असा रकाना आखल्याबरोबर ती उघडी पडली. स्टोअरचे साहेब म्हणाले, “ते मेंटेनन्सचं.” मेंटेनन्सवाले म्हणाले, “आम्ही बसवू, पण आणणार कोण?” मी आधी दोन्ही विभाग एकाच चौकटीत लिहिले होते. ते खोडलं. संरक्षक मागवणं ही एक ओळ, तिच्यासमोर स्टोअरचे साहेब. बसवणं ही दुसरी ओळ, मेंटेनन्सचे इंजिनिअर. एका ओळीला एकच माणूस, त्याची तारीख, आणि काम झालं हे कशावरून ओळखायचं ते. रॅक तपासणीसमोर ‘अहवाल’ न लिहिता ‘प्रत्येक खांबाला एक मीटरची सरळ पट्टी लावून घेतलेलं माप’ असं लिहिलं.

प्लांट मॅनेजर साहेबांना तक्ते आवडले. इतके, की ते म्हणाले, “मग कारणांचाही तक्ताच करा ना.” मी नाही म्हटलं. चौकट दिली की तिच्यात एक शब्द बसतो, आणि तो बहुतेक वेळा ‘निष्काळजीपणा’ असतो. जुनी धडक, न झालेली नोंद, वळायला अपुरी पडणारी वाट आणि संध्याकाळची घाई एकमेकांत कशी गुंतली हे सांगायला सलग परिच्छेदच लागतात. ती चार पानं मी तशीच ठेवली.

तिसऱ्या माणसाची नोटीस गुरुवारी पावणेपाचला गेली. उशीर झाला होता. प्रत्यक्ष तारीख आणि वेळ घातली, आणि उशिराचं कारणही लिहिलं: एकाच नावाचे दोन कामगार एक समजले गेले. सही करताना साहेबांनी विचारलं, “हे कारण लिहायलाच हवं का?” मी तक्ता त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून ती दोनदा वाचली आणि सही केली.