मंगळवेढ्याच्या मुक्कामावरून

अगं,

कामतीवरून फोन केला होता तेव्हा आपण काय बोललो, आठव. पाय दुखतात का, जेवलात का, गॅसचा नंबर लावला का, थोरल्याची फी भरली का. संपलं. फोनवर आपल्याला आता एवढंच येतं, म्हणून लिहायला बसलो. सकाळी दिंडीचा टेम्पो किराणा आणायला सोलापूरला जाणार आहे. त्या पोराच्या हाती पत्र देतो.

निघताना तू म्हणालीस, "तुमचं बरंय, चालत सुटायचं." मला ते लागलं, पण खोटं नव्हतं. कार्तिकीचं निमित्त होतं. घरात बसून तुझ्यासमोर गप्प राहण्यापेक्षा इथं माणसांच्या गर्दीत गप्प राहणं सोपं वाटलं, म्हणून मी निघालो.

वाट तुला माहीतच आहे. तिऱ्ह्याला सीना ओलांडली, बेगमपूरला भीमा. मंगळवेढ्याकडं वळलं की दोन्ही बाजूंना काळं रान सुरू होतं आणि यंदा ज्वारी बरी दिसतेय. टाचेला फोड आलाय, पण चालवतं. तू दिलेल्या कडक भाकऱ्या अजून पुरताहेत, शेंगाचटणी मात्र पहिल्याच मुक्कामाला दिंडीनं फस्त केली.

दिंडीत एक म्हातारं जोडपं आहे, मोहोळकडचं. चालताना पुढं पताका, मग टाळकऱ्यांच्या रांगा, त्यांच्यामध्ये मृदंग आणि वीणा, आणि बाया तुळस घेऊन मागं. म्हणजे बाबा पुढं आणि आजी पार मागं. दिवसभर एकमेकांचं तोंड दिसत नाही. पण विसावा झाला की बाबा तांब्या घेऊन मागं जातात आणि सगळं सांगत बसतात. कुणाची चप्पल तुटली, कुठला अभंग बेसूर झाला, स्वतःच्या पोटात कसं गुडगुडतंय. आजी ऐकतात आणि मधेच डाफरतात, "मग कशाला खाल्लीत ती मिरची?" बाबा हसतात. मी रोज बघतो. आपण एकाच खोलीत असतो, आणि माझ्या पोटात काय चाललंय ते तुला दीड वर्ष माहीत नाही.

काल माचणूरला पहाटेचा वीणेचा पहारा माझ्याकडं आला. आमच्या दिंडीत मुक्कामालाही वीणा खाली ठेवत नाहीत, ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. माझ्या आधी उभा होता तो पोरगा आपल्या थोरल्याएवढा. तो वाकला आणि मीही वाकलो. वीणा गळ्यात असली की बसता येत नाही, मोबाईल काढता येत नाही, कुठं निघूनही जाता येत नाही. घरी तू बोलायला लागलीस की मी नेमकं हेच तीन करतो. बसल्या जागी कुशीवर वळतो, मोबाईल काढतो, नाहीतर "येतो जरा" म्हणून चौकात जातो. उभ्या उभ्या ते सगळं समोर आलं.

तर ऐक. कारखान्यात दोन पाळ्यांची एक झाली हे मी तुला सांगितलं. टॉवेलला उठाव नाही म्हणून पगार तुटला, हेही सांगितलं. पण थोरल्याच्या डिप्लोमाच्या वेळी मी एकाकडून साठ हजार हातउसने घेतले, ते नाही सांगितलं. तेव्हा वाटलं, तुझ्या डोक्याला कशाला ताप, दोन महिन्यांत फेडून टाकू. ते फिटले नाहीत. गेले नऊ महिने दर महिन्याला चार हजार देतोय, अजून चोवीस हजार बाकी आहेत. व्याज नाही, एवढं त्यातल्या त्यात बरं.

पैशापेक्षा पुढचं वाईट झालं. एक गोष्ट लपवली की तिच्या आजूबाजूचं काहीच बोलता येत नाही. पगार किती आला हे टाळायचं, म्हणून पगाराच्या दिवशी उशिरा यायचं. दिवाळीचा विषय टाळायचा, म्हणून तुझ्या माहेरचा विषय टाळायचा. तू हसत काही विचारलंस तरी मी आधी बघायचो, यातून गोष्ट तिकडं जाईल का. असं करत करत मी सगळंच बोलणं बंद केलं. मागावर ताण्याचा एक धागा तुटला आणि तसाच माग चालू ठेवला तर कापडभर रेघ जाते. मी जॉबर असून घरात तेच होऊ दिलं.

आणि ती श्रावणातली रात्र. युनिफॉर्मची ऑर्डर शिवत होतीस. म्हणालीस, "सुईत दोरा ओवताना दिसेना झालंय हो." मी वर न बघता म्हणालो, "चष्मा करून घे." तू शेजारच्या वहिनींना घेऊन गेलीस आणि करून आणलास. मला तेव्हा वाटलं, चला, मिटलं. तू चष्म्याबद्दल विचारलंच नव्हतंस, ते मला इथं येऊन कळलं. तू घाबरली होतीस. मी एवढंच विचारायला हवं होतं, "कधीपासून?" तो चष्मा तुला कसा दिसतो, हे अजून मी तुला सांगितलेलं नाही. चांगला दिसतो.

आज चोखोबांच्या गावात मुक्काम आहे. इथंच गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून ते गेले. संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर महाराज सांगत होते की त्या घरात सगळेच अभंग रचायचे. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा. सोयराबाई तर देवाशीही भांडतात, आणि अभंगाच्या शेवटी स्वतःची ओळख घालतात. मागं बसलेल्या आजी बाबांना म्हणाल्या, "बघा, त्या घरात बाईचंही ऐकून घेत होते." बाबा म्हणाले, "मी कुठं नाही म्हणतोय?" सगळे हसले. मलाही हसू आलं, पण नंतर झोप लागली नाही.

मी आल्या आल्या गोड बोलायला लागलो तर तुला संशय येईल, आणि यायलाच हवा. म्हणून मोठं काही वचन देत नाही. पगाराची पावती हातात आली की त्याच दिवशी तुझ्या हातात देईन. उधारीचा पुढचा हप्ता द्यायला आपण दोघं जाऊ, त्या माणसालाही कळू दे की घरात माहीत आहे. रात्री तू मशीन बंद केलीस की मी मोबाईल बाजूला ठेवीन. रोज बोलणं होईलच असं नाही, मला सवय राहिलेली नाही. मागांच्या खडखडाटात आम्ही दिवसभर हातवाऱ्यांवर काम चालवतो आणि घरीही तसंच वागायला लागलो. मी गप्प बसलो तर नुसतं "कधीपासून?" असं विचार. मला समजेल.

तू चिडशील. साठ हजारांपेक्षा दीड वर्षाच्या लपवाछपवीवर जास्त चिडशील. चिड. आईकडं चार दिवस जावंसं वाटलं तरी जा, पोरांचं मी बघतो. लगेच "असू दे" म्हणू नकोस, तू ते फार लवकर म्हणतेस आणि मग आतल्या आत कुढत बसतेस.

द्वादशीला पारणं झालं की दुपारच्या एसटीनं निघेन. हिशोबाची वही कपाटात वरच्या कप्प्यात आहे, विम्याच्या पाकिटाखाली. मी यायच्या आधी वाचून घे. चार पानं आहेत. शेवटच्या पानावर दोन ठिकाणी बेरीज चुकली असेल, ती तपासून ठेव.

तुझा