नेरळ की नेरूळ? पनवेलच्या पहाटेचा घोळ

कुडाळहून रात्रीच्या गाडीने निघून आई आणि मी पहाटे पनवेलला उतरलो. बेत माथेरानचा. कोकणातून येणाऱ्याला त्यासाठी पनवेलला उतरून रस्त्याने नेरळ गाठणं सोयीचं पडतं. स्टेशनबाहेरच्या टॅक्सीवाल्या दादांना म्हटलं, "नेरळ स्टेशन." ते म्हणाले, "बसा ताई." भाडं ऐकून आई खूश झाली, कारण आम्ही धरलं होतं त्याच्या निम्म्याहून कमी होतं. तिथेच थांबून विचारायला हवं होतं.

कळंबोली मागे पडली आणि खारघरची पाटी दिसली. नेरळला जायचं तर पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने चौक, मग कर्जत, म्हणजे पूर्वेला. आम्ही बरोबर उलट्या दिशेला, मुंबईकडे चाललो होतो. दादांनी ऐकलं होतं नेरूळ.

त्यांची चूक मी म्हणणार नाही. दोन्ही नावांत फरक मधल्या एका उकाराचा, तोही गाड्यांच्या आवाजात बुडतो. शिवाय पनवेलहून रोज जास्त माणसं जातात ती नेरूळलाच. ते हार्बर मार्गावर जुईनगर आणि सीवूड्सच्या मध्ये, नवी मुंबईत, रस्त्याने पंधरा-अठरा किलोमीटर. आपलं नेरळ कर्जत तालुक्यात, वांगणी-शेलूच्या पुढे, चाळीसेक किलोमीटरवर. म्हणून भाडं किंवा लागणारा वेळ फारच कमी सांगितला, तर गाव चुकलंय असं समजावं.

गाडी वळवताना दादांनीच सांगितलं, "नुसतं नेरळ म्हणू नका. माथेरानचं नेरळ म्हणा, नाहीतर कर्जतजवळचं." नुसतं 'स्टेशन' जोडून काही होत नाही, स्टेशन दोन्हीकडे आहे. फोनवर जागा टाकतानाही Neral आणि Nerul यांत एकाच अक्षराचा फरक. तिथे नावाखालचा जिल्हा वाचावा, रायगड दिसला की बरोबर. आणि निघाल्यावर पहिली दहा मिनिटं पाट्या बघत राहावं. चौक, कर्जत दिसायला हवं. खारघर, बेलापूर दिसलं तर लगेच बोलावं, कारण त्या रस्त्यावर वळायची जागा पटकन मिळत नाही.

आमचा तासभर गेला आणि सकाळची छोटी गाडी हुकली. १९०७ पासून नेरळहून वर जाणाऱ्या त्या गाडीत बसायची आईची फार इच्छा होती, त्याचं मला खरंच वाईट वाटलं. मग शेअर टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत गेलो आणि पुढे लाल मातीतून चालत.

संध्याकाळी आईचा मावशीला फोन चालला होता. मावशीलाही पुढच्या महिन्यात यायचंय. आई सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगत होती, "नेरूळ नव्हे गो, माथेरानच्या पायथ्याचं नेरळ. आणि आपलं कुडाळचं नेरूरही नव्हे."