फोटोत अंगठाच नव्हता

हात धुण्यावरच्या माहितीपत्रकाचं पान छपाईआधी माझ्याकडे आलं. वरच्या अर्ध्या भागात नळाखाली फेसाळलेल्या हातांचा चकचकीत फोटो, आणि खाली मजकूर: धुताना अंगठा, बोटांची टोकं आणि बेचक्या हमखास सुटतात. फोटोत अंगठाच दिसत नव्हता. एका बोटात अंगठी होती, तर तिसऱ्या ओळीत ‘अंगठी काढून ठेवा’ असं छापलेलं. शिवाय नळ चालू, म्हणजे चोळण्याआधीच साबण वाहून जाणार. मजकूर एक सांगत होता, फोटो दुसरंच.

फोटोसंग्रहात ‘हात धुणे’ शोधलं की असलेच फोटो निघतात. म्हणून आधी चित्राचं काम एका वाक्यात लिहिलं: ‘धुतल्यावरही अंगठ्याच्या मुळाशी उरतं.’ मग लक्षात आलं, धुतानाचा हात नकोच, धुऊन झालेला हवा. पण तो साध्या उजेडात स्वच्छच दिसतो. तेव्हा अतिनील दिव्याखाली चमकणारं लोशन हाताला चोळायचं, नेहमीसारखा हात धुवायचा आणि अंधाऱ्या खोलीत फोटो काढायचा, असं ठरलं. फ्लॅश बंद, कॅमेरा ट्रायपॉडवर, एक्सपोजर दोन सेकंद. हात टेबलावर टेकवलेला, कारण अधांतरी धरलेला हात तेवढा वेळ स्थिर राहत नाही आणि चमक पसरट येते.

असे तयार फोटोही मिळतात, पण त्यांत एक मोठी फसगत आहे. काही फोटोंत चमकणारं द्रव्य सॅनिटायझरमध्येच मिसळलेलं असतं. तिथे चमक म्हणजे सॅनिटायझर पोचलेली जागा आणि काळा भाग म्हणजे सुटलेली. आमच्या फोटोत नेमकं उलट. दिसायला मात्र दोन्ही सारखेच, त्यामुळे फोटोसोबतची माहिती न वाचता तो उचलला तर अर्थच पालटतो. आमच्या फोटोखाली लिहिलं, ‘चमकतंय तिथे लोशन उरलं आहे.’ ‘जंतू’ हा शब्द मी मुद्दाम खोडला. दिव्याला लोशन दिसतं, जंतू नाहीत.

अंगठा धुवायचा कसा, हे दाखवायला मात्र फोटो चालेना. एका हाताच्या मुठीत दुसऱ्याचा अंगठा धरून फिरवायचा असतो. दोन्ही हात एकाच रंगाचे, त्यामुळे कुठलं बोट कोणाचं ते कळत नव्हतं. तिथे रेखाचित्र घेतलं: एक हात पांढरा, दुसरा राखाडी, फिरवण्याची दिशा दाखवणारा एकच बाण. नळ, फेस, बेसिन सगळं वगळलं.

शेवटी पान काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर काढून पाहिलं, कारण पुढे पत्रकाच्या झेरॉक्सच फिरतात. रेखाचित्र टिकलं. फोटोतली निळसर चमक मात्र त्वचेच्या करड्या रंगात विरून गेली. मग अंगठ्याच्या मुळाभोवती जाड पांढरं वर्तुळ काढलं आणि पान छपाईला सोडलं.